तेल चढलं की सोनं चढतं का? वहीत मांडून स्वतः तपासण्याची पद्धत

आखातात काही पेटलं किंवा कुठे युद्धाची बातमी आली की सांगलीच्या सराफ कट्ट्यावर एक वाक्य हमखास कानावर येतं : "तेल भडकलंय, आता सोनं काही थांबत नाही." हे वाक्य हवेतून आलेलं नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि कच्चं तेल तीन डॉलरच्या आसपास होतं ते काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. १९७४ संपेपर्यंत सोनंही जवळपास दुप्पट झालं. पुढे १९७९-८० मध्ये इराणच्या क्रांतीनंतर पुन्हा तेच घडलं आणि जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर पोचलं. दोनदा असं डोळ्यांदेखत झाल्यावर माणसं त्याचा नियम करणारच.

पण हा नियम आज लागू आहे का? असला तर किती? हे कुणाच्या सांगण्यावर सोडायची गरज नाही. मोबाईलवर एक्सेल किंवा गुगल शीट उघडता येत असेल आणि टक्केवारी काढता येत असेल, तर तासाभरात तुम्ही स्वतः तपासू शकता. खाली तीच पद्धत दिली आहे. उदाहरण खऱ्या आकड्यांचं आहे, आणि त्याचं उत्तर मला तरी अपेक्षेपेक्षा जास्त विचित्र वाटलं.

आधी : सहसंबंध म्हणजे नेमकं काय मोजतो

बाजारातली माणसं ज्याला कोरिलेशन म्हणतात तो सहसंबंध म्हणजे उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यानचा एक आकडा. अधिक १ च्या जवळ असेल तर दोन वस्तूंचे भाव एकाच दिशेने हलतात. उणे १ च्या जवळ असेल तर एक वर जाताना दुसरी खाली येते. शून्याच्या आसपास असेल तर एकीचा भाव बघून दुसरीबद्दल काही सांगता येत नाही.

दोन गोष्टी या आकड्यात नसतात, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. पहिली म्हणजे किती हलतात हे त्यात नाही. तेल पन्नास टक्के चढलं आणि सोनं पाच टक्के, तरी दिशा जुळत असेल तर आकडा मोठाच येतो. दुसरी म्हणजे कुणामुळे कोण हलतं हेही त्यात नाही. बऱ्याचदा दोघांनाही हलवणारा तिसराच कुणीतरी असतो. सोनं आणि तेल यांच्या बाबतीत तो तिसरा कोण, हे कळलं की अर्धं काम झालं.

पहिली पायरी : भाव नको, बदल घ्या

सगळ्यात जास्त चूक इथे होते. सरळ भावांचे दोन रकाने घेऊन सूत्र लावलं की उत्तर जवळजवळ नेहमी भरघोस येतं आणि माणूस खूश होतो. पण गेल्या वीस वर्षांतला सोन्याचा भाव आणि मिसळीच्या प्लेटचा भाव शेजारी मांडून बघा, तिथेही सहसंबंध भरभक्कम येईल. दोन्ही वस्तू महागत गेल्या, एवढाच त्याचा अर्थ. मिसळ महागली म्हणून कुणी सोनं घेत नाही.

म्हणून भाव न घेता आधीच्या नोंदीपेक्षा किती टक्के बदल झाला ते घ्यायचं. 'बी' रकान्यात सोन्याचे आणि 'सी' मध्ये तेलाचे भाव दुसऱ्या ओळीपासून असतील, तर 'डी' रकान्याच्या तिसऱ्या ओळीत हे सूत्र लिहून खाली ओढत न्यायचं :

```
=(B3-B2)/B2*100
```

तेलासाठीही तसंच. दोन्हीकडे तारखा एकच हव्यात. सोन्याचा महिनाअखेरचा भाव आणि तेलाचा महिन्याचा सरासरी भाव असं मिसळलं तर उत्तर बिघडतं, आणि बिघडलंय हे चटकन कळतही नाही. रकाने नीट जुळलेत का हे बघायची एक सोपी खूण आहे : मार्च २०२० ची ओळ शोधा. त्या महिन्यात तेल भयंकर कोसळलं होतं. तेलाची ती मोठी घसरण बरोबर त्याच ओळीत दिसत नसेल, तर कुठेतरी एक ओळ वर-खाली झाली आहे.

आकडे फुकट मिळतात. जागतिक बँक दर महिन्याला सोनं, चांदी, तांबं, कच्चं तेल, साखर अशा पुष्कळ वस्तूंचे डॉलरमधले मासिक सरासरी भाव एका फाइलमध्ये देते. बाजारात तिला पिंक शीट म्हणतात. तिच्यात १९६० पासूनच्या नोंदी आहेत. नवख्याला याहून जास्त काही लागत नाही.

दुसरी पायरी : दहा वर्षं मांडून बघू

सुरुवातीला महिने नकोत, वर्षं घेऊ. दहाच ओळी असल्या की नजरेत मावतात. खाली २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत सोनं आणि ब्रेंट जातीचं कच्चं तेल डॉलरमध्ये किती टक्के हललं ते आहे. ३१ डिसेंबर ते ३१ डिसेंबर असा हिशेब असून आकडे पूर्णांकात आणले आहेत. तुमच्या स्रोतात एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक दिसेल, त्याने काही बिघडत नाही.

| वर्ष | सोनं (टक्के) | तेल (टक्के) |
|---|---|---|
| २०१५ | −१० | −३५ |
| २०१६ | +९ | +५२ |
| २०१७ | +१३ | +१८ |
| २०१८ | −२ | −२० |
| २०१९ | +१८ | +२३ |
| २०२० | +२५ | −२२ |
| २०२१ | −४ | +५० |
| २०२२ | ० | +१० |
| २०२३ | +१३ | −१० |
| २०२४ | +२७ | −३ |

हे दोन रकाने शीटमध्ये 'बी' आणि 'सी' मध्ये, दुसऱ्या ओळीपासून भरले की सूत्र असं :

```
=CORREL(B2:B11, C2:C11)
```

उत्तर येतं उणे ०.००५. म्हणजे शून्यच म्हणा. कट्ट्यावरचा नियम निकालात निघाला, असं वाटून इथेच थांबणारे पुष्कळ असतात. पण तक्ता पुन्हा एकदा डोळ्यांनी वाचा. पहिल्या पाच ओळींत चिन्हं जोडीने चालली आहेत : दोन्ही उणे, दोन्ही अधिक, दोन्ही अधिक, दोन्ही उणे, दोन्ही अधिक. खालच्या पाच ओळींत एकदाही तसं नाही.

आता तेच सूत्र दोन तुकड्यांत लावा. २०१५ ते २०१९ चा सहसंबंध येतो अधिक ०.८१. २०२० ते २०२४ चा येतो उणे ०.८१. पाच वर्षं सोनं-तेल हातात हात घालून चालले, पुढची पाच वर्षं पाठ फिरवून, आणि दोन्ही एकत्र केल्यावर वजाबाकी होऊन शून्य उरलं. "संबंध नाही" आणि "दोन उलटसुलट संबंध एकमेकांना खाऊन गेले" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण सूत्र दोन्हींसाठी एकच उत्तर देतं.

असं कसं होतं ते सूत्राच्या पोटात शिरून बघता येतं. प्रत्येक वर्षी सोनं आपल्या सरासरीपेक्षा किती लांब होतं आणि तेल आपल्या सरासरीपेक्षा किती लांब होतं, हे दोन आकडे गुणायचे आणि सगळे गुणाकार मिळवायचे, एवढंच ते सूत्र मुळात करतं. नंतर फक्त भागाकार करून उत्तर एकच्या आत आणतं. दहा वर्षांची सोन्याची सरासरी ८.९ टक्के, तेलाची ६.३. २०१५ मध्ये सोनं सरासरीखाली १९ आणि तेल सरासरीखाली ४१, म्हणून गुणाकार अधिक ७८०. २०२१ मध्ये सोनं सरासरीखाली १३ पण तेल सरासरीच्या वर ४४, म्हणून गुणाकार उणे ५६४. २०२० चा उणे ४५६. म्हणजे २०१५ या एका वर्षाने जेवढं कमावलं ते दोन वर्षांनी खाऊन टाकलं. एखाद-दुसऱ्या टोकाच्या वर्षात उत्तर फिरवायची एवढी ताकद असते, हे ध्यानात राहू द्या.

तिसरी पायरी : त्या वर्षी गाडी कोण हाकत होतं ते लिहा

आता शीटमध्ये चौथा रकाना करा आणि त्यात आकडा नाही, शब्द लिहा. प्रत्येक वर्षापुढे त्या वर्षी बाजाराला कशाने हलवलं ते. माझ्या मते हा रकाना बाकी सगळ्या सूत्रांपेक्षा महत्त्वाचा आहे.

२०१५ पुढे मी "डॉलर" लिहीन. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेड, व्याजदर वाढवणार अशी हवा वर्षभर होती आणि डिसेंबरात त्यांनी वाढवलेही. डॉलर मजबूत होता. सोनं आणि तेल दोन्ही डॉलरमध्ये मोजली जातात, त्यामुळे डॉलर महागला की दोन्हींचा डॉलरमधला भाव दबतो. त्यात तेलाचं उत्पादनही जास्त होतं, म्हणून तेल जास्त पडलं. २०१८ ला फेडने चार वेळा दर वाढवले, पुन्हा दोन्ही खाली. २०१९ ला तीन वेळा कमी केले, दोन्ही वर. पहिल्या पाच वर्षांत सोनं-तेलाला जोडणारा धागा बहुतेक वेळा हाच होता. तेलाने सोन्याला ओढलं असं त्यात फारसं काही नव्हतं.

२०२० पुढे लिहायचं "महामारी". गाड्या थांबल्या, विमानं थांबली, तेलाला गिऱ्हाईक उरलं नाही. त्याच संकटामुळे फेडने व्याजदर शून्यावर आणले. सोन्यावर व्याज मिळत नाही, ही त्याची नेहमीची कमजोरी. बँकेत किंवा रोख्यातही व्याज मिळेनासं झालं की ती कमजोरी उरत नाही, आणि सोनं वर जातं. कारण एकच, पण तेलाला मारणारं आणि सोन्याला तारणारं. २०२१ ला सगळं उलट : व्यवहार सुरू झाले, तेल उसळलं, रोख्यांचे व्याजदर वर सरकले, सोनं जरा खाली आलं.

२०२२ ते २०२४ पुढे दोन गोष्टी लिहाव्या लागतील. फेडची झपाट्याची दरवाढ, आणि जगातल्या मध्यवर्ती बँकांची सोनेखरेदी. २०२२ मध्ये रशियाच्या परकी गंगाजळीचा मोठा हिस्सा पाश्चात्त्य देशांनी गोठवला. त्यानंतर आपली गंगाजळी डॉलरच्या रोख्यांतच ठेवणं धोक्याचं आहे, असं अनेक देशांना वाटू लागलं. सलग तीन वर्षं मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांवर सोनं घेतलं. हा खरेदीदार तेलाचा भाव बघून बाजारात उतरत नाही. त्यामुळे २०२४ मध्ये तेल सुस्त असतानाही सोनं सत्तावीस टक्के चढलं.

सोन्याचा साठा आणि तेलाचा प्रवाह

दोघांची चाल मुळात का वेगळी होऊ शकते, हे एका आकड्यात कळतं. माणसाने आजवर खणून काढलेलं सोनं दोन लाख टनांच्या वर आहे आणि त्यातलं जवळजवळ सगळं आजही कुठे ना कुठे शिल्लक आहे : तिजोरीत, लॉकरमध्ये, गळ्यात. खाणीतून दरवर्षी येणारी भर साडेतीन हजार टनांच्या आसपास, म्हणजे साठ्याच्या दोन टक्क्यांहून कमी. खानापूर-आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली मंडळी देशभरच्या पेठांत जे वितळवतात ते बहुतेक हेच जुनं सोनं. आजीच्या पाटल्या पुन्हा बाजारात येतात.

तेलाचं तसं नाही. जग रोज सुमारे दहा कोटी पिंप तेल वापरतं आणि वापरलं की ते संपतं. साठवायला टाक्या लागतात आणि त्या भरतातही. म्हणून सोन्याचा भाव ठरतो साठा धरून बसलेल्यांच्या मनावर, तर तेलाचा भाव ठरतो या महिन्यात किती आलं आणि किती जळलं यावर.

२० एप्रिल २०२० ला हे अगदी नागडं दिसलं. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग गावी अमेरिकन तेलाच्या वायद्याची डिलिव्हरी होते. तिथल्या टाक्यांत भाड्याने घ्यायला जागा उरली नव्हती. मे महिन्याचा वायदा हातात असलेल्यांना तेल घ्यावं लागणार होतं आणि ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते पैसे देऊन वायदा दुसऱ्याच्या गळ्यात मारायला लागले. भाव बंद झाला पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर. आपल्याकडे एमसीएक्स या वायदे बाजारातला तेलाचा एप्रिलचा वायदा त्याच भावाला बांधलेला होता. टाळेबंदीमुळे आपला बाजार संध्याकाळी पाचला बंद झाला तेव्हा भाव हजार रुपयांच्या जवळ होता, अमेरिकेत तो रात्री शून्याखाली गेला आणि इथला व्यवहार उणे २,८८४ रुपयांवर मिटवला गेला. एका लॉटमध्ये शंभर पिंपं. खरेदी करून बसलेल्याला लॉटमागे साडेतीन लाखांहून जास्त फटका. तेल शून्याखाली जाऊच शकत नाही, या हिशेबावर लोक बसले होते.

सोनं त्या दिवशी जवळपास जागेवर होतं. एक किलोचं बिस्कीट मोबाईलपेक्षाही कमी जागेत मावतं. सोनं ठेवायला जागा नाही म्हणून ते फुकट वाटायची वेळ कधी येत नाही.

आणि तरीही त्याआधीच्याच महिन्यात दोन्ही एकत्र पडली होती. ९ मार्चला सौदी-रशियाच्या भावयुद्धाने तेल एका दिवसात पाव भागाने घसरलं, मग शेअर बाजार कोसळले, आणि १९ मार्चपर्यंत सोनंही १,६८० डॉलरवरून १,४७० च्या आसपास आलं. २००८ च्या ऑक्टोबरातही हेच घडलं होतं. घबराटीत ज्यांना मार्जिनचे, म्हणजे सौद्याच्या हमीपोटीचे, पैसे भरायचे असतात ते जे विकलं जाईल ते विकतात, आणि सोनं पटकन विकलं जातं. म्हणून "संकटात सोनं वर" हेही अर्धं खरं. पहिले काही दिवस ते बाकीच्यांसोबत खाली येऊ शकतं आणि नंतर वेगळी वाट धरतं. वर्षाच्या हिशेबात २०२० उलट संबंधाचं वर्ष दिसतं, त्यातले दहा दिवस कापून घेतले तर सरळ संबंधाचं.

चौथी पायरी : डॉलर सोडा, रुपयात मांडा

आतापर्यंतचं सगळं डॉलरमध्ये झालं. तुम्ही सोनं घेता रुपयात. इथे आणखी दोन गोष्टी मध्ये येतात : रुपयाचा दर आणि आयात शुल्क.

हिशेब सोपा आहे. एक औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. औंसाचा डॉलर भाव गुणिले डॉलरचा रुपयातला दर, भागिले ३.११०३५, की दहा ग्रॅमचा भाव मिळतो. त्यावर शुल्क. जीएसटी आणि घडणावळ इथे धरायची नाही, ती तुलनेत गोंधळ करते.

खरंच घडलेलं घ्या. युक्रेनच्या युद्धाच्या आदल्या दिवशी, २३ फेब्रुवारी २०२२ ला, तेल ९७ डॉलरच्या आसपास होतं आणि सोनं १,९१० च्या. ८ मार्चला तेल १२८ वर बंद झालं, सोनं २,०५० वर. कट्ट्यावरचं वाक्य तंतोतंत खरं ठरत होतं. त्या दिवशी डॉलर साधारण ७७ रुपये आणि शुल्क १०.७५ टक्के. २,०५० गुणिले ७७, भागिले ३.११०३५, म्हणजे सुमारे ५०,७५० रुपये. शुल्कासह ५६,२००.

पुढे काय झालं? तेलामुळे अमेरिकेत आधीच चढलेली महागाई आणखी भडकली, आणि महागाई भडकली म्हणून फेडने व्याजदर वाढवायला घेतले. मार्चमध्ये शून्याच्या जवळ असलेला दर २ नोव्हेंबरपर्यंत चार टक्क्यांच्या घरात गेला. ३ नोव्हेंबरला तेल ९५ च्या आसपास होतं, म्हणजे युद्धाआधी होतं जवळपास तिथेच परत. सोनं मात्र १,६३० वर, युद्धाआधीच्याही पंधरा टक्के खाली. तेल महाग म्हणजे महागाई, महागाई म्हणजे सोनं वर, ही साखळी सांगणारे लोक मधली एक कडी विसरतात. महागाईला मध्यवर्ती बँक व्याजदराने उत्तर देते, आणि ते उत्तर सोन्याला मारक असतं. १९७३-७४ मध्ये महागाईच्या मानाने व्याजदर मागे पडले होते, म्हणून तेव्हा साखळी तुटली नाही.

आता नोव्हेंबरचा रुपयातला हिशेब. डॉलर ८२.८० रुपये झाला होता. जुलैमध्ये सरकारने शुल्क वाढवून १५ टक्के केलं होतं. १,६३० गुणिले ८२.८०, भागिले ३.११०३५, म्हणजे सुमारे ४३,४००. शुल्कासह ४९,९००. डॉलरमध्ये सोनं वीस टक्के पडलं, आपल्याकडे अकराच टक्के. उरलेले नऊ टक्के रुपयाच्या घसरणीने आणि शुल्काने झाकले.

यात आपल्यासाठी एक खास गोष्ट दडली आहे. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी बहुतांश बाहेरून आणतो आणि त्याचं बिल डॉलरमध्ये चुकवतो. तेल महागलं की डॉलरची मागणी वाढते, रुपयावर ताण येतो. रुपया घसरला की सोनं जगात जागेवर असलं तरी इथे महागतं. समजा सोनं २,००० डॉलरवर आणि तेल ८० डॉलरवर गोठलेलं आहे आणि डॉलर ८० वरून ८४ रुपये झाला. दोन्ही वस्तू रुपयात बरोबर पाच टक्के वर जातील, सहसंबंध पक्का अधिक, आणि प्रत्यक्षात दोघांपैकी एकही तसूभर हललेलं नाही. म्हणून रुपयातला सहसंबंध डॉलरमधल्यापेक्षा थोडा जास्त निघाला तर दचकू नका. कट्ट्यावरच्या वाक्यात आज जो काही जीव उरलाय तो मला तरी मुख्यतः या वाटेने आलेला दिसतो.

एक पथ्य : दोन्ही रकाने डॉलरमध्ये घ्या किंवा दोन्ही रुपयात. सोनं रुपयात आणि तेल डॉलरमध्ये असं कधीही मांडू नका. आणि रुपयातल्या हिशेबात २०२४ चा जुलै आला तर तिथे खूण करा. त्या महिन्यात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं गेलं आणि इथला भाव एका झटक्यात खाली आला. जगाच्या बाजाराशी त्याचा काही संबंध नव्हता.

बाकीच्या वस्तू, थोडक्यात

चांदी सोन्याच्या सगळ्यात जवळची. सहसंबंध बहुतेक काळ ठळक अधिक मिळतो. पण चांदीची निम्म्याहून जास्त मागणी कारखान्यांतून, सोलर पॅनलमधून वगैरे येते, त्यामुळे मंदीच्या भीतीने चांदी सोन्यापेक्षा जोरात आपटते. तांबं तेलाच्या बाजूचं : कारखाने आणि बांधकाम चाललं की दोन्ही चालतात. सोनं वर आणि तांबं-तेल दोन्ही खाली असं दिसलं तर बाजार मंदीला भितोय असं समजायला हरकत नाही.

ऊसपट्ट्यातल्या वाचकांसाठी साखरेची एक गंमत. ब्राझीलचे कारखाने त्याच उसातून साखर किंवा इथेनॉल, जे परवडेल ते जास्त काढतात. तेल महागलं की इथेनॉलकडे ऊस वळतो आणि जगातली साखर आवळते. म्हणजे जागतिक साखरेचा तेलाशी धागा खरा आहे. आपल्याकडे एफआरपी आणि निर्यातीवरचे निर्बंध मध्ये असल्यामुळे तो कारखान्याच्या गेटपर्यंत पोचता पोचता बराच विरतो.

आणि हळद. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद ठेवलेला शेतकरी कधी कधी विचारतो की सोनं चढतंय तर हळद ठेवू का. या दोघांत धागाच नाही. हळदीचा भाव ठरतो लागवड किती झाली, पाऊस कसा पडला, पेवात-गोदामात जुना माल किती आहे यावर. २०२३ मध्ये एप्रिल ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत हळदीचा वायदा दुपटीच्या वर गेला आणि त्याच काळात सोनं डॉलरमध्ये किंचित खालीच आलं होतं. शून्य सहसंबंधाचं खरं उदाहरण हवं असेल तर हे.

पाचवी पायरी : आकड्यावर किती भरवसा

वरच्या तक्त्यातले अधिक ०.८१ आणि उणे ०.८१ दिसायला भारी आहेत, पण प्रत्येकी पाचच नोंदींवर उभे आहेत. पाच नोंदी असताना आकडा ०.८८ च्या पुढे गेला तरच "हा नुसता योगायोग नसावा" असं म्हणायची रीत आहे. म्हणजे माझे दोन्ही आकडे त्या कसोटीला उतरत नाहीत. मी त्यांना थोडीफार किंमत देतो ती चौथ्या रकान्यामुळे, कारण प्रत्येक वर्षाचं कारण वेगळं सांगता येतं.

म्हणून पद्धत हाताला बसली की वर्षं सोडा आणि पिंक शीटमधले साठ महिने घ्या. साठ नोंदींना तीच मर्यादा साधारण ०.२५ वर येते. मग आणखी एक काम करा : सूत्र एकदाच न लावता बारा-बारा महिन्यांचं सरकतं लावा. टक्केवारीचे रकाने 'डी' आणि 'ई' मध्ये तिसऱ्या ओळीपासून सुरू होत असतील, तर चौदाव्या ओळीत हे लिहून खाली ओढा :

```
=CORREL(D3:D14, E3:E14)
```

त्या रकान्याचा आलेख काढलात की रेघ वर-खाली हेलकावे खाताना दिसेल, कधी अधिककडे, कधी उणेकडे. बारा नोंदी म्हणजेही थोड्याच, त्यामुळे प्रत्येक हेलकाव्याला अर्थ लावत बसू नका. ०.५८ च्या आतले चढउतार सोडून द्या. रेघ त्याच्या पलीकडे जाऊन चार-सहा महिने टिकली, तरच त्या काळात काय चाललं होतं ते शोधायला बसा : डॉलर, फेड, युद्ध, की तेल उत्पादक देशांच्या ओपेक संघटनेची बैठक.

सोनं घ्यायचं की नाही हे ठरवायला या आकड्याचा उपयोग जवळपास नाही, कारण तो मागचं सांगतो. उपयोग आहे तो दुसरीकडे. तुमच्याकडे सोनं आहे आणि जोडीला तेल कंपन्यांचे शेअर किंवा एमसीएक्सवर तेलाचा सौदा आहे, आणि ही दोन वेगळी टोपली आहेत असं तुम्ही धरून चालला असाल, तर सरकत्या रेघेची शेवटची सहा महिन्यांची टोकं बघा. ती ०.५८ च्या वर असतील तर सध्या ती एकच टोपली आहे. अशा वेळी सौद्याचा आकार कमी करायचा, आणि पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पिंक शीटची नवी ओळ आली की पुन्हा बघायचं.